एक छेद सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी

कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची वसाहत आहे. तिथली आणि आसपासची काही मुले-मुली रविवारी माझ्याकडे येतात. कुणी डिप्लोमाला आहे, कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बहुतेकांच्या घरात एक माणूस विडीच्या सुपावर वाकलेला असतो, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर उभा असतो. मायक्रोकंट्रोलरवर कंट्रोलर कसा लिहायचा हे आम्ही तिथे शिकतो. शिकतो म्हणजे एकत्र चुकतो आणि चूक कुठे झाली ते कागदावर शोधतो. ही वही त्या कागदांतून तयार झाली. प्रस्तावनेत सगळ्या वहीचा आढावा घ्यावा अशी पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. एकाच रविवारची गोष्ट सांगतो, कारण वहीची पुढची सगळी प्रकरणे त्या दिवसातून निघाली आहेत.

उदाहरण मागाचेच घेतले होते. सोलापुरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एका बीमवर जमिनीचा ताणा असतो आणि तो घट्ट लागतो. दुसऱ्यावर लूप काढणारा ताणा असतो, तो सैल सोडावा लागतो. विणले जाईल तसतसा बीम किती फिरवायचा, हे जुन्या मागावर वजने आणि घर्षण ठरवते. नव्या मागावर ते काम मोटर करते. ताण मोजणारा सेन्सर असतो, त्याचे वाचन मायक्रोकंट्रोलरकडे जाते, आणि ताण वाढला की मोटर बीम थोडा जास्त सोडते. अडचण एवढीच की प्रत्येक पिकला ताण आपोआप वर-खाली होतो. मिनिटाला १५० पिक पडत असतील तर सेकंदाला अडीच झटके बसतात. मोटरने प्रत्येक झटक्यामागे धावू नये म्हणून वाचन आधी एका फिल्टरमधून न्यायचे. सेकंदाला अडीच वेळा होणारी हालचाल दबेल आणि बीम रिकामा होताना हळूहळू सरकणारा सरासरी ताण तसाच पुढे जाईल, असा दुसऱ्या क्रमाचा साधा लो-पास फिल्टर आम्ही ठरवला. नैसर्गिक वारंवारता ५ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ०.८ हर्ट्झ. डॅम्पिंग ०.७. सॅम्पलिंग दर मिलिसेकंदाला, कारण टायमर आधीच तसा लावलेला होता. हे कारण लक्षात ठेवा.

कोडमध्ये हा फिल्टर एका ओळीचा आहे:

```
y[n] = a1*y[n-1] - a2*y[n-2] + b0*u[n]
```

कॅल्क्युलेटरवर सहगुणक आले `a1 = 1.9929995` आणि `a2 = 0.9930244`. इथपर्यंत सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर होते.

आमच्या हातातल्या स्वस्त कंट्रोलरमध्ये दशांशाचे गणित करणारे हार्डवेअर नाही, म्हणून सहगुणक पूर्णांकात ठेवायचे. सोळा बिटांच्या चिन्हासहित घरात −३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच संख्या मावतात. `a1` दोनच्या अगदी खाली आहे, म्हणून त्याला १६३८४ ने, म्हणजे दोनच्या चौदाव्या घाताने, गुणायचे आणि पूर्णांक लिहायचा. १ ही संख्या १६३८४ होते, आणि शेवटच्या बिटाची किंमत एक छेद १६३८४, म्हणजे सुमारे ०.००००६१. सेन्सरच्या चुकीशी तुलना केली तर हा आकडा हास्यास्पद लहान आहे. गुणाकार झाला: `a1` चे ३२६५३.३०, `a2` चे १६२६९.७१. आता दशांश टाकायचा होता, आणि इथे तीन वह्या तीन वाटांनी गेल्या.

पहिल्याने जवळचा पूर्णांक घेतला: ३२६५३ आणि १६२७०. दुसरीने सी भाषेत सरळ `(int16_t)` लावले. ते दशांश कापून टाकते, म्हणून तिला ३२६५३ आणि १६२६९ मिळाले. तिसऱ्याने सहगुणक आधी बत्तीस बिटांत, चिन्हासह, `a1` उणे करूनच काढून ठेवले होते. मग त्याने ते उजवीकडे सोळा घरे सरकवले. उणे संख्या अशी सरकवली की ती शून्याकडे येत नाही, खाली जाते. त्यामुळे त्याच्याकडे −३२६५४ आणि १६२६९ आले. तिघांच्या आकड्यांत फार तर एका बिटाचा फरक होता. मी फळ्यावर तिन्ही जोड्या लिहिल्या आणि विचारले, यातला फिल्टर कोणता? सगळे म्हणाले, तिन्ही. थोडे इकडेतिकडे.

पोल म्हणजे काय ते इथे दोन वाक्यांत सांगतो. गणिताच्या पुस्तकात त्याला ध्रुव म्हणतात, आमच्या खोलीत पोलच म्हणतात. इनपुट बंद केले तरी फिल्टरच्या आठवणीत काहीतरी उरलेले असते, आणि प्रत्येक सॅम्पलला ती आठवण एका संख्येने गुणली जाते. ती संख्या म्हणजे पोल. तिचे मान एकपेक्षा कमी असेल तर आठवण विरते, एक असेल तर तशीच राहते, एकपेक्षा जास्त असेल तर फुगत जाते. एकक वर्तुळाच्या आत, वर्तुळावर किंवा वर्तुळाबाहेर म्हणायचे ते एवढ्यासाठी. आमच्या फिल्टरचे दोन्ही पोल वर्तुळाच्या आत आहेत, पण अगदी कडेला, १ च्या शेजारी. सावकाश फिल्टर वेगाने सॅम्पल केला की पोल तिथेच जाऊन बसतात. एका मिलिसेकंदात फिल्टर फारसा बदलत नाही, मग त्याला गुणणारी संख्या १ च्या फारशी लांब कशी असेल?

म्हणून पोल शून्यापासून मोजण्यात अर्थ नाही, १ पासून किती लांब आहेत ते मोजायचे. `z` च्या जागी `1 + w` ठेवले की समीकरण असे होते:

```
w² + (2 - a1)·w + (1 - a1 + a2) = 0
```

या ओळीवर आम्ही जवळजवळ तासभर बसलो होतो. शेवटचे पद पाहा: १, उणे १.९९२९९९५, अधिक ०.९९३०२४४. तीन मोठ्या संख्यांची वजाबाकी, आणि उरते ०.००००२४९. फिल्टरची वारंवारता सगळी या उरलेल्या चिमूटभरात असते. हे पद म्हणजे जवळजवळ वारंवारता गुणिले सॅम्पलचा काळ, त्याचा वर्ग: ५ गुणिले ०.००१, त्याचा वर्ग ०.००००२५. आणि आपला शेवटचा बिट ०.००००६१ चा. म्हणजे जी गोष्ट साठवायची ती साठवणीच्या सर्वांत लहान खुणेच्या निम्म्याहूनही कमी आहे.

साखर कारखान्याच्या गेटवर वजनकाटा असतो. उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर घ्या, वजन लिहा. मग ट्रॉलीतले एक कांडके काढा, पुन्हा वजन लिहा आणि वजाबाकी करून कांडक्याचे वजन सांगा. काटा दहा-दहा किलोने दाखवत असेल तर उत्तर शून्य येईल, नाहीतर दहा किलो, आणि वाऱ्याची झुळूक आली तर उणे दहा किलो. काटा खराब नाही, टनांच्या मापात तो चोख आहे. त्याला विचारलेला प्रश्न चुकला आहे. डायरेक्ट फॉर्ममध्ये, म्हणजे वरच्या एका ओळीत, `a1` आणि `a2` साठवून आपण नेमके हेच करतो: भरलेल्या ट्रॉलीची दोन वजने जपून ठेवतो आणि कांडके त्यांच्या फरकात शोधतो.

आता तिन्ही वह्यांत पूर्णांकांतली वजाबाकी करा. पहिली: १६३८४ − ३२६५३ + १६२७० = १. दुसरी: १६३८४ − ३२६५३ + १६२६९ = ०. तिसरी: १६३८४ − ३२६५४ + १६२६९ = −१. खरे उत्तर ०.४१ होते. एक, शून्य, उणे एक. तिघांच्या हातात तीन वेगळ्या जातींची यंत्रे होती.

पहिल्या वहीचा फिल्टर स्थिर आहे, पण तो मागितलेला फिल्टर नाही. शेवटचे पद ०.४१ ऐवजी १ झाले, म्हणजे जवळजवळ अडीचपट. त्याचे वर्गमूळ घेतले तर वारंवारता ५ वरून ७.८ रेडियन प्रति सेकंद झाली आणि डॅम्पिंग ०.७ वरून ०.४५ वर उतरले. मधले पद `2 - a1` मात्र जवळजवळ तेच राहिले, ते कुणी विस्कटले नाही. मागावर याचा अर्थ काय? मूळ फिल्टर सेकंदाला अडीच झटक्यांपैकी दहावा हिस्सा आत सोडणार होता. हा २८ टक्के सोडतो. शिवाय मधल्या वारंवारतांना दाबण्याऐवजी तो त्यांना शिखराशी सव्वापट करतो. माग चालेल, टॉवेल विणला जाईल, मोटर मात्र प्रत्येक पिकला उगाच थरथरेल. मग कुणीतरी सेन्सर बदलेल, वायरला शील्डिंग करेल, गिअरचा ढिलेपणा तपासेल. मला तिघांपैकी याचीच जास्त भीती वाटते, कारण हा कधी पकडला जात नाही. त्यात आणखी एक खोच आहे. इनपुटचा सहगुणक `b0` खऱ्या मापाचा, ०.००००२४९ च ठेवला तर स्थिर ताणही खोटा दिसतो: वर ०.४१, खाली १, म्हणून ४०० चे वाचन १६३ येते. पहिल्याने `b0` सुद्धा त्याच एका बिटाचा घेतला होता, म्हणून त्याचे वाचन बरोबर आले आणि चूक आणखी खोल दडली.

दुसऱ्या वहीत शेवटचे पद शून्य झाले. समीकरणातून एक `w` बाहेर निघतो, म्हणजे एक पोल नेमका १ वर आहे. लो-पास फिल्टर मागितला होता, मिळाला बेरीज करत जाणारा इंटिग्रेटर. सुट्या बोर्डावर ४०० चे स्थिर इनपुट द्या. सुमारे ०.४ सेकंदात आउटपुट ४०० ला पोहोचते आणि तिथे न थांबता चढत राहते. तीन-एक सेकंदांत बारा बिटांची कमाल मर्यादा गाठते.

पण कंट्रोलर सुट्या बोर्डावर चालत नाही, तो फीडबॅकच्या फेऱ्यात असतो, आणि फीडबॅक बऱ्याच गोष्टी सावरून घेतो. हा प्रश्न त्या दिवशी दुसरीनेच विचारला, आणि बरोबर विचारला. काठी बोटावर तोलतो तेव्हा काठी स्वतः अस्थिरच असते. मग इथे फीडबॅक सावरेल का? बीम जेवढा सोडला आणि कापड जेवढे ओढले गेले त्यांचा फरक साठत जातो, तो म्हणजे ताण. म्हणून माग स्वतःच एक इंटिग्रेटर आहे. त्यात फिल्टरचा नको असलेला इंटिग्रेटर आला, आणि फिल्टरचा दुसरा, सरळ पोल राहिला. नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर लावून, सोयीसाठी सततच्या काळात, बंद फेऱ्याचे समीकरण मांडले:

```
s³ + 7s² + K = 0
```

`s` चे पद नाहीच. राऊथची कसोटी शिकलेला कोणीही सांगेल की `K` कितीही घेतला तरी हे स्थिर होत नाही. कंट्रोलरमध्ये इंटिग्रल जोडला तर समीकरण चौथ्या घाताचे होते आणि त्यात `s²` गायब असतो, निकाल तोच. हे मी फळ्यावर ठळक लिहिले, कारण शॉपफ्लोअरवर हीच खूण उपयोगी पडते. साधारण अस्थिरतेत गेन कमी केला की डोलणे थांबते. इथे गेन कमी केला की डोलणे सावकाश होते, पण वाढायचे ते वाढतेच. 'गेन निम्मा केला, पाव केला, तरी जात नाही' असे कुणी फोनवर सांगितले तर मी आधी सहगुणकांची फाइल मागतो.

तिसरी वही सरळ वर्तुळाबाहेर गेली. शेवटचे पद −१ छेद १६३८४. अशा समीकरणाला एक धन मूळ असतेच. ते काढले तर पोल १.००५०७ वर येतो. एकपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त, आणि दर मिलिसेकंदाला तो गुणला जातो. १३७ मिलिसेकंदांत आकडा दुप्पट. आठवणीत एका काउंटएवढा जरी कचरा असला तरी बारा दुपटींत, म्हणजे सुमारे १.६ सेकंदांत, तो ४०९५ च्या पलीकडे जातो. फीडबॅक यालाही सावरत नाही, तिथे समीकरणात एक पद उणे येते. पण मी म्हणेन की तिघांत हा प्रामाणिक. स्विच टाकल्याबरोबर मोटर पळते, फ्यूज जातो, आणि तासाभरात माणूस कोडवर येतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण फिक्स्ड पॉइंट म्हटले की सगळी भुते एका नावाने ओळखली जातात. सहगुणक गोल करण्याची चूक एकदाच, कोड लिहिताना होते. ती रॉममध्ये जाऊन बसते आणि नंतर हलत नाही. फिल्टर रेषीयच राहतो, फक्त दुसरा असतो. चालू गणितात प्रत्येक गुणाकारानंतर बिट टाकावे लागतात, ती चूक वेगळी. तिच्यामुळे आउटपुट एखाद्या काउंटवर अडकते किंवा बारीक डोलत राहते, आणि इनपुट मोठे केले की ते डोलणे त्यात बुडून जाते. बेरीज घराबाहेर जाऊन उलटे चिन्ह घेऊन येते ते ओव्हरफ्लो, तेही वेगळे. ओळखायचे कसे? सहगुणकांचा दोष प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक वेळी, थंडी-उन्हाळ्यात सारखाच दिसतो. इनपुट दुप्पट केले तर आउटपुटही नेमके दुप्पट बिघडते. आणि त्यासाठी स्कोपही लागत नाही. हेडर फाइलमधले दोन पूर्णांक कागदावर घ्या, `0x4000` मधून एक वजा करा, दुसरा मिळवा. उत्तर एक आकडी आले तर पुढचे वाचायच्या आधी सॅम्पलिंगचा वेग पाहा.

सॅम्पलिंगच्या वेगाबद्दल विद्यार्थ्यांशीच नाही, मोठ्या लोकांशीही वाद होतात. जास्त वेगाने सॅम्पल केले की चांगले, असा एक समज घट्ट बसला आहे. तो निराधार नाही, फीडबॅकमधला उशीर त्याने खरोखर कमी होतो. पण शेवटच्या पदात काळाचा वर्ग आहे. सॅम्पल दहापट वेगाने घेतले की ते पद शंभरपट आक्रसते. उलट आमचाच फिल्टर मिलिसेकंदाऐवजी दहा मिलिसेकंदांनी चालवा. तीच वजाबाकी ०.४१ ऐवजी ३९.५५ येते. आता एका बिटाची चूक म्हणजे अडीच टक्के, आणि तिघांच्याही वह्यांत ओळखू येण्यासारखा फिल्टर उरतो. बिट तेच, चिप तीच, कोडची ओळ तीच. टायमर 'आधीच तसा लावलेला होता' हे वर लक्षात ठेवायला सांगितले ते यासाठी. मात्र हा उपाय फुकट नाही. सेकंदाला १०० सॅम्पल घेतले की विजेची ५० हर्ट्झची घरघर बरोबर निम्म्यावर येऊन बसते, आणि मागाच्या सांगाड्याची त्याहून वरची कंपने दुमडून खाली, ताणाच्या खऱ्या हालचालीत, मिसळतात. म्हणून सेन्सरनंतर रेझिस्टर-कपॅसिटरचा साधा फिल्टर लागतो. तो वाचवायला गेलेला माणूस पुन्हा माझ्याच दारात येतो.

वेग कमी करणे शक्य नसेल तर दुसरा मार्ग आहे, आणि मला तो जास्त आवडतो: कांडक्याचे वजन काट्यावरून उतरवायचे आणि सरळ सोनाराच्या तराजूत टाकायचे. `a1` आणि `a2` साठवायचेच नाहीत. `2 - a1` आणि `1 - a1 + a2` हे दोन लहान आकडे दशांशातच नीट काढून घ्यायचे, आणि प्रत्येकाला त्याच्या मापाची घडी द्यायची. पहिला ०.००७०००५. त्याला दोनच्या विसाव्या घाताने गुणले की ७३४१. दुसरा ०.००००२४९१३. त्याला तिसाव्या घाताने गुणले की २६७५०. दोन्ही सोळा बिटांत आरामात मावतात, आणि आता दुसऱ्यात एका बिटाची चूक म्हणजे सुमारे सत्तावीस हजारांत एक. कोड बदलतो, पण फार नाही:

```c
int32_t e  = (u << 16) - y;
int32_t yn = y + (v >> 8);
v += (int32_t)(((int64_t)26750 * e) >> 22)
   - (int32_t)(((int64_t)7341  * v) >> 20);
y = yn;
```

`u` हे बारा बिटांचे वाचन, `int32_t` मध्ये घेतलेले. `y` आउटपुट, सोळा जादा बिटांसह. `v` म्हणजे दर सॅम्पलला आउटपुट किती सरकते तो वेग, चोवीस जादा बिटांसह. सरकवण्याचे आकडे उगाच आलेले नाहीत. २६७५० मागे ३० घरांची घडी आहे, `e` ची १६, आणि `v` ला २४ हवीत, म्हणून २२. या मांडणीचा एक फायदा मला फार उशिरा दिसला. आउटपुट थांबायचे असेल तर `v` शून्य हवा, आणि `v` शून्यावर थांबायचा असेल तर `e` शून्य हवा, म्हणजे `y` आणि `u` एकच. सहगुणक कसेही गोल करा, स्थिर ताणाचे वाचन खोटे होत नाही. गणितातले बिट टाकताना जी बारीक चूक होते तेवढीच उरते. पहिल्या वहीतली ४०० ला १६३ ची भानगड इथे होऊच शकत नाही.

किंमत मोजावी लागते ती चौसष्ट बिटांच्या गुणाकारांची. लहान कंट्रोलरवर त्यांना वेळ लागतो, पण मिलिसेकंदात दोन गुणाकार म्हणजे काही ओझे नाही. सेकंदाला वीस हजार वेळा चालणाऱ्या करंट-लूपमध्ये मात्र हिशेब करून पाहावा लागेल.

ही मांडणी माझी नाही. सहगुणक गोल केल्याने पोल किती हलतात, आणि एकमेकांना खेटून बसलेले पोल का जास्त हलतात, हे बेल लॅब्जच्या जेम्स कायझर यांनी १९६०च्या दशकातच दाखवले होते. १९६७ मध्ये रेडर आणि गोल्ड यांनी पोल कुठे-कुठे बसू शकतात याची जाळी काढून दाखवली. डायरेक्ट फॉर्ममध्ये ही जाळी ±j च्या आसपास दाट असते आणि वास्तव अक्षाजवळ, म्हणून १ च्या आसपासही, विरळ होते, नेमकी जिथे कंट्रोलवाल्यांना ती दाट हवी असते. १९७५ मध्ये रमेश अगरवाल आणि सिडनी बरस यांनी १ पासूनचे अंतर साठवणारे फिल्टर मांडले. आणि १९८६ मध्ये मिडलटन व गुडविन यांनी डेल्टा ऑपरेटर या नावाने तीच कल्पना कंट्रोलमध्ये आणली. चाळीस वर्षे होत आली. तरी पाठ्यपुस्तकांतला कोड अजून बहुधा `a1`, `a2` चाच असतो, कारण तो फळ्यावर एका ओळीत मावतो.

तिसऱ्या क्रमाच्या कंट्रोलरवर या वहीत एक वेगळे प्रकरण आहे. त्याची चव इथेच देतो. ०.९८, ०.९९ आणि १ असे तीन पोल घ्या. शेवटचा मुद्दाम ठेवलेला इंटिग्रेटर. तिन्ही कंस गुणून एकच बहुपदी केली की सहगुणक येतात २.९७, २.९४०२ आणि ०.९७०२. इंटिग्रेटर जिवंत आहे याची खूण म्हणजे १ − २.९७ + २.९४०२ − ०.९७०२ बरोबर शून्य. हेच आकडे आठ बिटांच्या दशांशात, २५६ ने गुणून, जवळच्या पूर्णांकाला आणले तर बेरीज येते १. इंटिग्रेटर गेला. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. तीन पोल १ शेजारी दाटीने बसले होते, आणि २५६ त एकाच्या चुकीने ते उधळले: एक ०.८४ वर गेला, उरलेले दोघे जोडीने वर्तुळाबाहेर, १.०७ एवढ्या मापाचे. २५६ चे घनमूळ सहाच्या थोडे वर आहे, आणि पोल हलले तेही साधारण सहात एक. चार पोल असते तर चौथे मूळ काढावे लागले असते, म्हणजे धक्का आणखी मोठा. म्हणून कंस गुणून एक करायचेच नाहीत. एक-एक, दोन-दोनचे तुकडे ठेवायचे आणि साखळीने जोडायचे. इंटिग्रेटर तर सहगुणक म्हणून लिहायचाच नाही. `sum += e` एवढे लिहिले की त्याचा पोल १ वरच असतो आणि कोणत्याही बिटाला तो हलवता येत नाही.

काय या वहीत नाही तेही सांगतो. एच-इन्फिनिटी, सहगुणक गोल करण्याचे सर्वोत्तम संयोग शोधणारे प्रोग्राम, स्थितीचे चल बदलून संवेदनशीलता कमी करण्याच्या पद्धती, यांतले काही नाही. एक तर मला ते शिकवण्याइतके येत नाही. दुसरे म्हणजे मागावरच्या कंट्रोलरला त्यांची गरज पडलेली मी पाहिलेली नाही. नॉच फिल्टरचा मोह झाला होता, पण त्याचे पोल १ पासून लांब असतात आणि गणित वेगळ्या वळणाने जाते, म्हणून तो पुढच्या वेळी.

त्या रविवारी उठताना पहिला मुलगा म्हणाला, सर, दहा-वीस रुपये जास्त देऊन फ्लोटिंग पॉइंटची चिप घेतली की ही सगळी कटकट संपली ना? बहुतेक वेळा संपते, हे मी मान्य केले. फ्लोटमध्ये एक आणि दोनच्या दरम्यान दोन शेजारी संख्यांत ०.००००००१२ चे अंतर असते. आमच्या फिल्टरचे शेवटचे पद त्याच्या दोनशेपट आहे. मी पिशवी उचलली होती. दुसरी अजून वहीवर वाकलेली होती. तिने मान वर न करता विचारले, आणि टायमर वीस किलोहर्ट्झवर असेल तर? मग स्वतःच लिहिले: ५ गुणिले ०.००००५, त्याचा वर्ग, ०.००००००००६२५ नाही, एक शून्य जास्त झाले, खोडले, ०.००००००६२५, पुन्हा खोडले; शेवटी ०.०००००००६२५ लिहिले आणि बोटाने शून्ये मोजली. फ्लोटच्या खुणेच्या निम्मे. तिने १६३८४ ची जुनी बेरीज काढून त्याच्या शेजारी ठेवली. तिथेही ०.४१ होते, इथे ०.५२.

तिच्या वहीचे ते पान, खाडाखोडीसकट, पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला छापले आहे.

कुंभारी, दक्षिण सोलापूर